शेवटच्या अडीच लाखांचं व्याज

गृहकर्जाची तोंडी बोलणी झाली तेव्हा हिशोब सरळ होता. घराची ठरलेली किंमत 50 लाख, माझ्याकडचे 10, कर्ज 40. म्हणजे एलटीव्ही, किमतीच्या प्रमाणात कर्ज, बरोबर 80 टक्के. अधिकाऱ्याने सांगितलेला दर होता 8.60. मंजुरीपत्र हातात आलं तेव्हा त्यावर 8.90 छापलं होतं.

दर बदलला होता तो मूल्यांकनामुळे. बँकेचा व्हॅल्युअर घर बघून गेला होता. त्याच्या अहवालात घराची किंमत 47 लाख निघाली. मी अहवालाची प्रत मागून घेतली. विक्रेत्याने किमतीत धरलेली कपाटं, स्वयंपाकघरातली बसवलेली मांडणी आणि पंखे-दिवे त्याने सरळ वगळले होते. शिवाय मोजलेलं क्षेत्रफळ कागदावरच्यापेक्षा थोडं कमी भरलं होतं. करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतला कमी आकडा बँक धरते. त्यामुळे माझे 40 लाख 47 च्या तुलनेत 85 टक्के झाले आणि मी 80 च्या वरच्या, जास्त दराच्या टप्प्यात जाऊन बसलो.

पाच टक्क्यांनी बँकेचं एवढं काय बिघडतं, असं मी अधिकाऱ्याला विचारलं. माणूस मोकळा होता. म्हणाला, “तुमचे हप्ते थकले तर घर आम्हाला घाईत विकावं लागतं. समजा वीस टक्के कमी भाव आला. 47 चे किती होतात?” 37 लाख 60 हजार. म्हणजे कर्ज तेवढंच असतं तर मुद्दल जेमतेम निघालं असतं. 40 लाखांवर मात्र 2 लाख 40 हजारांची तूट, आणि थकलेलं व्याज व वसुलीचा खर्च वेगळाच. दुसरी गोष्ट त्याने अर्धवट हसत सांगितली: ज्याचा स्वतःचा पैसा घरात जास्त अडकलेला असतो, तो अडचणीत आला की बँकेची नोटीस येईपर्यंत थांबत नाही, स्वतःच गिऱ्हाईक शोधतो. म्हणजे डाउन पेमेंट वाढलं की कर्ज बुडण्याची शक्यताही कमी होते आणि बुडालंच तर तोटाही. बँकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या बासेल समितीच्या 2017 च्या नियमांतही, हप्ते कर्जदाराच्या कमाईतून फेडायचे असतील तर, 60 ते 80 टक्के एलटीव्हीच्या घरकर्जाला 30 टक्के जोखीमभार आहे आणि 80 ते 90 ला 40. हा भार जितका जास्त, तेवढं जास्त भांडवल बँकेला बाजूला ठेवावं लागतं. त्याचा खर्च शेवटी दरात येतो.

घरी येऊन कागद घेतला. 40 लाखांवर 8.90 ने पहिल्या वर्षाचं व्याज ढोबळमानाने 3 लाख 56 हजार. 37 लाख 60 हजारांवर 8.60 ने 3 लाख 23 हजार 360. फरक 32 हजार 640. हा फरक कशासाठी? वरच्या 2 लाख 40 हजारांसाठी. म्हणजे त्या रकमेवर मी वर्षाला 13.6 टक्के मोजणार होतो! मंजुरीपत्रावर हे कुठेच दिसत नाही, कारण वाढलेला पाव-अर्धा टक्का फक्त जास्तीच्या रकमेला लागत नाही, अख्ख्या कर्जाला लागतो. माझी मुदत ठेव 7 टक्क्यांवर पडून होती. ती मोडायला मग फार विचार करावा लागला नाही.

इथे अर्धंमुर्धं करून उपयोग नसतो, हे मात्र लक्षात घ्या. मी एकच लाख जास्त भरले असते तर 39 लाख, म्हणजे 83 टक्के; टप्पा तोच, दर तोच.

मग वाटलं, अजून खाली का जाऊ नये? पुढचा टप्पा 75 टक्क्यांचा, कर्ज 35 लाख 25 हजार, दर 8.55. त्यासाठी आणखी 2 लाख 35 हजार लागले असते आणि वर्षाला सुमारे 22 हजार वाचले असते, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आतबाहेर. ठेवीपेक्षा जास्तच. पण तो पैसा घरात घातला असता तर हाताशी काहीच उरलं नसतं, आणि आजारपणात भिंतीची वीट मोडून खर्च करता येत नाही. मी 80 वर थांबलो.

सुधारित मंजुरीपत्रावर सही करण्याआधी एक विचारून घेतलं: पुढे अंशतः परतफेड करून प्रमाण खाली आणलं तर दर आपोआप उतरेल का? उत्तर नाही असं आलं. टप्पा मंजुरीच्या वेळी ठरतो. नंतर हवा असेल तर अर्ज, शुल्क आणि नवं मूल्यांकन, तेही बँकेची तयारी असेल तर. त्यामुळे ठेव मोडायची ती सहीच्या आधीच मोडली.