सांवेरचा कांदा, रामबागेतला भाव

मागच्या उन्हाळ्यात इंदूरच्या चोइथराम मंडीत आमच्या कांद्याला किलोला 12 रुपये बोली लागली. त्याच आठवड्यात रामबागेत आमच्या काकी 25 रुपयांनी कांदा घेत होत्या. मधले 13 रुपये जातात कुठे ते बघू, म्हणून सांवेरकडच्या आम्ही काही शेतकऱ्यांनी थोडा माल थेट शहरात विकला.

आधी मंडीचा हिशेब. क्विंटलचे आले 1200. त्यातून बारदान 40, गाडीभाडं 60, हम्माली-तुलाई 20. हातात 1080. तोलात कापतात ती घट सोडून दिली तरी काकींच्या रुपयातले 43 पैसे आमचे.

बोली लावणारा ढेरीतून एक कांदा उचलतो आणि अंगठ्याने मान दाबतो. मान जाड, मऊ लागली की कांदा नीट सुकलेला नाही, साठवला तर सडेल, आणि भाव तिथेच पडतो. ते त्याचं कसब आहे, त्याबद्दल राग नाही. राग येतो तो तोलताना दर कट्ट्यामागे 'घट' म्हणून किलो-अर्धा किलो उडवतात त्याचा.

शहरात आम्ही भाव ठेवला 20. गिऱ्हाइकाला एकसारखा, मध्यम कांदा लागतो, त्यामुळे निवडायला बसलो आणि क्विंटलमधून विकण्याजोगा 85 किलोच निघाला. 10 किलो बारीक गोल्टी आणि जोडकांदा एका भोजनालयाने 5 रुपयांनी उचलला, 5 किलो सालपटात आणि सडण्यात गेला. आले 1750. निवडणाऱ्या बायकांची मजुरी, 5 किलोच्या जाळीच्या पिशव्या आणि गल्लोगल्ली टेम्पो मिळून 350 गेले. उरले 1400.

म्हणजे मंडीपेक्षा क्विंटलला 320 जास्त आणि काकींचे किलोमागे 5 वाचले. वाईट नाही, पण जो पैसा दलाल खातो असं आपण म्हणतो, त्यातला बराच निवड, नासाडी आणि फिरतीचा खर्च होता. तो भाजीवाल्यालाही चुकत नाही, वर त्याची उधारी वेगळी. शिवाय कॉलनीत खपतो तो किती? मंडी सकाळी अख्खी ट्रॉली उचलते.

आता निवडक माल कॉलनीत देतो आणि उरलेला सगळ्यांचा मिळून एका ट्रकने मंडीत. भाडं क्विंटलमागे 40 वर आलं. खरा फायदा मात्र वेगळाच निघाला. मंडीत शिरण्याआधी भरलेला ट्रक धर्मकाट्यावर तोलतो, रिकामा झाल्यावर पुन्हा, आणि दोन्ही पर्च्या आडत्याच्या टेबलावर ठेवतो. एकट्या ट्रॉलीवाल्याशी 'घट' वर कोणी बोलतसुद्धा नसे. ट्रकभर माल दुसऱ्या आडत्याकडे जाईल म्हटल्यावर तोल बरोबर निघतो.

गोल्टीचं मात्र अजून जमलेलं नाही. ते भोजनालय पावसाळ्यात 3 रुपयांवर येतं आणि आम्ही देतो.