आमची वाटचाल : डेटा फुटल्याचं पत्र ग्राहकाला कळावं म्हणून

बिलं आणि पावत्यांचा मजकूर सोप्या मराठीत करून देण्यापासून आमच्या छोट्या फर्मचं काम सुरू झालं. आता कंपन्या डेटा फुटल्यावर ग्राहकांना जे पत्र पाठवतात, ते नव्याने लिहिण्याचं काम मोठं झालं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांत या पत्राचा मजकूर ठरवून दिला आहे. काय, किती आणि कधी घडलं, त्याचा ग्राहकाला काय त्रास होऊ शकतो, कंपनीने काय केलं, ग्राहकाने काय करावं आणि विचारायचं कुणाला, हे सगळं त्यात साध्या भाषेत यावं लागतं. ही तरतूद १८ महिन्यांनी लागू होते, पण आम्ही आत्ताच त्याच चौकटीत लिहितो.

आमच्याकडे येणारा मसुदा बहुधा असा असतो : ‘अनधिकृत प्रवेशाची घटना निदर्शनास आली असून काही माहिती प्रभावित झालेली असू शकते. कृपया पासवर्ड बदलावा.’

समजा, हे पत्र घरपोच किराणा देणाऱ्या दुकानाचं आहे. बॅकअपची फाइल क्लाउडवर उघडी राहिली आणि तिच्यात नाव, मोबाइल, पत्ता आणि मागच्या ऑर्डरी होत्या. पासवर्ड त्या फाइलमध्ये नव्हतेच. म्हणजे दिलेला सल्ला निरुपयोगी, आणि खऱ्या धोक्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून आम्ही आधी तांत्रिक टीमकडून फाइलमधल्या रकान्यांची यादी मागवतो आणि प्रत्येक रकान्यासमोर लिहितो, की एवढ्या माहितीवर भामटा काय करू शकेल. इथे तो फोन करून म्हणेल, ‘मंगळवारच्या ऑर्डरचा रिफंड आहे, ओटीपी सांगा.’ ऑर्डर खरी असल्यामुळे माणूस फसतो.

मग पत्र असं होतं : ‘३ ते ९ जूनदरम्यान आमची एक फाइल इंटरनेटवर उघडी होती आणि ती बाहेरच्या व्यक्तीने उतरवून घेतली. तिच्यात तुमचं नाव, मोबाइल, पत्ता आणि मागच्या ऑर्डरी होत्या. पासवर्ड आणि कार्डाचा तपशील तिच्यात नव्हता. ९ जूनला आम्ही ती बंद केली. तुमची ऑर्डर सांगून कुणी रिफंडसाठी ओटीपी मागितला, तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.’ खाली चौकशीचा नंबर येतो.

‘उतरवून घेतली’ हे सर्व्हरच्या नोंदींत दिसलं तरच लिहायचं. नोंदीच ठेवलेल्या नसतील तर ‘गैरवापर झाल्याचं आढळलं नाही’ हे वाक्य आम्ही काढायला लावतो, कारण तपासायला काही नव्हतंच. ज्यांनी ओळखपत्रही अपलोड केलं होतं, त्यांना वेगळं पत्र जातं. सगळ्यांना एकच पत्र पाठवलं की ‘काहींची’ हा शब्द शिरतो आणि वाचणाऱ्याला आपण त्यात आहोत की नाही, हे कळत नाही.

एसएमएसमध्ये आम्ही लिंक देत नाही. फसवणुकीचा मेसेज अगदी तसाच दिसतो, म्हणून ‘ॲप स्वतः उघडून सूचना वाचा’ एवढंच लिहितो. पत्र गेल्यावर चौकशीच्या नंबरवर पहिल्या दिवशी आलेले प्रश्न मागवून घेतो. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्याचं उत्तर ॲपमधल्या सूचनेत त्याच संध्याकाळी घालतो.