भरतीत गळती नेमकी कुठे होते? दर सोमवारच्या फनेल रिपोर्टचा माझा अनुभव

चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी भरतीचं काम बघते. सीएनसी आणि व्हीएमसी ऑपरेटर, फिटर, क्वालिटी इन्स्पेक्टर या जागा वर्षभर भरत राहाव्या लागतात. दर सोमवारी सकाळी प्लँट हेड साहेबांना एक रिपोर्ट जातो: अर्ज किती आले, फोनवर किती जणांशी बोलणं झालं, मुलाखतीला किती बोलावले, किती आले, ट्रेड टेस्ट किती जण पास झाले, ऑफर किती दिल्या आणि जॉइन किती झाले. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा रिपोर्टचा साचा आधीपासून ठरलेला होता. त्या आठवड्यात जे जे घडलं त्याचे आकडे एकाखाली एक लिहायचे आणि प्रत्येकाला वरच्या आकड्याने भागून टक्केवारी काढायची.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात या साच्याने ऑफरनंतर जॉइन होणाऱ्यांचं प्रमाण 133 टक्के दाखवलं. ऑफर दिल्या होत्या 9 आणि जॉइन झाले होते 12. आमच्या भागात याचं कारण कुणालाही कळेल. मुलं ऑक्टोबरमध्ये ऑफर घेऊन ठेवतात, जुन्या कंपनीतला दिवाळीचा बोनस हातात पडला की राजीनामा देतात आणि मग जॉइन होतात. म्हणजे ते 12 जण त्या 9 ऑफरमधले नव्हतेच. टक्केवारी शंभराच्या वर गेली म्हणून हे डोळ्यांत भरलं. पण एरवीच्या आठवड्यांतही वरचा आकडा एका गटाचा आणि खालचा दुसऱ्याच गटाचा असायचा, फक्त उत्तर शंभराच्या आत असल्यामुळे खरं वाटायचं. गणपतीत अर्ज कमी आले की पहिली टक्केवारी सुधारायची. नोकरीच्या पोर्टलवर जाहिरात दिली की अर्ज धो धो यायचे आणि त्याच आठवड्यात "भरती घसरली" असं दिसायचं.

म्हणून मी मोजायची पद्धत बदलली. एका आठवड्यात ज्यांनी अर्ज केला ती एक तुकडी धरायची आणि पुढचे सगळे टप्पे त्याच तुकडीसाठी मोजायचे, मग मुलाखत दोन आठवड्यांनी झालेली असो की जॉइनिंग महिन्याने. त्यासाठी प्रत्येक उमेदवाराची एकच ओळ ठेवली आणि टप्प्याच्या नावाऐवजी प्रत्येक टप्प्याची तारीख लिहायला सुरुवात केली. जुन्या शीटमध्ये "स्टेटस" नावाचा एकच रकाना होता, त्यात नवीन स्टेटस लिहिलं की जुनं पुसलं जायचं. तारखा लिहिल्या की कुठलाच टप्पा पुसला जात नाही.

अर्जाची तारीख B रकान्यात असेल, तर त्या आठवड्याचा सोमवार C रकान्यात असा निघतो. त्याखालचं दुसरं सूत्र रिपोर्टच्या शीटवर, A5 मधल्या सोमवारच्या तुकडीतले किती जण मुलाखतीला प्रत्यक्ष आले ते मोजतं. मुलाखतीला प्रत्यक्ष आल्याची तारीख F रकान्यात आहे.

```
=B2-WEEKDAY(B2,2)+1
=COUNTIFS(Data!C:C,$A5,Data!F:F,">0")
```

यात एक अडचण हमखास येते. कुणी तारीख टिंब देऊन टाइप केली, म्हणजे 12.06.2025 वगैरे, तर आमच्या एक्सेलमध्ये ती तारीख न राहता मजकूर होते आणि मोजली जात नाही. अशी नोंद सेलमध्ये डावीकडे चिकटते, खरी तारीख उजवीकडे असते. आकडा कमी वाटला की मी आधी तो रकाना वरून खालपर्यंत नजरेखालून घालते. दुसरी अडचण एकाच मुलाच्या दोन ओळींची. तो पोर्टलवरही अर्ज करतो आणि गावच्या मित्राकरवी व्हॉट्सअॅपवर बायोडेटाही पाठवतो. दोन्ही ओळी ठेवल्या तर एक जॉइन झाला आणि एक गळाला असं दिसतं. म्हणून मोबाइल नंबर जुळला की एकच ओळ, आणि पहिल्या अर्जाची तारीख.

आता जूनमधली एक तुकडी बघू. त्या आठवड्यात 240 अर्ज आले होते. फोनवर बोलणं झालं 150 जणांशी. मुलाखतीला बोलावले 96, प्रत्यक्ष आले 52. ट्रेड टेस्ट आणि मेडिकल पार करून ऑफर मिळाली 30 जणांना, आणि जॉइन झाले 19.

आमच्या मीटिंगमध्ये चर्चा नेहमी पहिल्या दोन आकड्यांवर अडायची, कारण संख्येने सर्वांत मोठी गळती तिथे दिसते. पण 240 मधले बरेच जण बी.कॉम. किंवा बारावी पास असतात. पोर्टलवर सरसकट सगळीकडे अर्ज टाकणारे, त्यांच्याकडे आयटीआयचा ट्रेड नसतो. त्यांना आपणच थांबवतो आणि ते योग्यच आहे. ही गळती आणि बोलावलेला मुलगा न येणं, या दोन गोष्टी एका रकान्यात घातल्या तर रिपोर्टचा काही उपयोग राहत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यापुढे मी चार भाग करते: पुढे गेले, आपण नाकारले, स्वतः थांबले, अजून वाटेत आहेत. चारही मिळून त्या टप्प्याचा आकडा जुळलाच पाहिजे. जुळला नाही तर कुणाची तरी ओळ अर्धवट राहिली आहे असं समजायचं आणि ती शोधून काढायची.

"अजून वाटेत" हा भाग साहेबांना पटवायला सर्वांत जड गेला. ताजी तुकडी कायम वाईट दिसते, कारण मागच्या आठवड्यात अर्ज केलेल्या मुलाची मुलाखतही झालेली नसते. आमच्याकडे अर्जापासून जॉइनिंगपर्यंत साधारण महिना लागतो. नोटीस पीरियड असेल तर त्याहून जास्त. म्हणून पाच आठवडे जुनी झालेली तुकडीच मी टक्केवारीसकट देते. ताज्या तुकड्यांचे फक्त आकडे जातात, टक्के नाहीत. साहेब म्हणाले, "मॅडम, पाच आठवड्यांपूर्वीचं घेऊन मी आज काय करू?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यांसाठी वेगळा हिशेब केला: मुलाखतीची ठरलेली तारीख उलटून गेली की आला किंवा नाही आला हे नक्की होतं, त्यासाठी जॉइनिंगची वाट बघायची गरज नाही. तो आकडा आता मागच्याच आठवड्याचा जातो.

बोलावलेल्या 96 पैकी 44 जण आलेच नाहीत. या 44 जणांनी मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं, कारण यांना आपण निवडलेलं असतं आणि यांनी फोनवर "हो, येतो" म्हटलेलं असतं. आमच्या मुलाखती मंगळवारी आणि शुक्रवारीच होत, कारण प्रॉडक्शनचे साहेब त्याच दिवशी मोकळे असत. फोन केलेल्या दिवसापासून मुलाखतीपर्यंत किती दिवस गेले हे मी प्रत्येकापुढे काढलं. दोन दिवसांच्या आतली तारीख 40 जणांना मिळाली होती, त्यातले 31 आले. तीन किंवा जास्त दिवसांनंतरची तारीख 56 जणांना मिळाली होती, त्यातले 21 आले. म्हणजे एकीकडे शंभरात 78 आणि दुसरीकडे शंभरात 38.

माझ्या सहकारी मॅडमनी लगेच हरकत घेतली, आणि ती बरोबर होती. लातूर, नांदेड, बीडकडची मुलं प्रवासासाठी स्वतःच उशिराची तारीख मागतात. न येण्याचं खरं कारण दिवसांऐवजी अंतर असेल तर? म्हणून आधीच चाकण, भोसरी, पिंपरी परिसरात राहणारे आणि बाहेरगावचे असे दोन गट केले. जवळ राहणाऱ्यांत लवकरची तारीख मिळालेल्या 30 जणांपैकी 24 आले, उशिराची मिळालेल्या 26 पैकी 12. बाहेरगावच्यांत लवकरच्या 10 पैकी 7, उशिराच्या 30 पैकी 9. अंतराचा फरक पडतो हे खरंच, पण जवळचा मुलगाही चार दिवस ताटकळला की दुसऱ्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहतो. चाकणमध्ये गेटवरच भरती करणारे कारखाने चिकार आहेत.

10 माणसांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, तिथे एकजण इकडचा तिकडे झाला तरी दहा टक्के हलतात. म्हणून आणखी काही तुकड्या याच पद्धतीने मोजून एकत्र केल्या. फरक तसाच राहिला, तेव्हाच मी तो मीटिंगमध्ये मांडला. प्रॉडक्शनच्या साहेबांनी त्यांच्या हाताखालच्या सिनियर सुपरवायझरला मुलाखतीचा अधिकार दिला आणि बुधवारचा दिवस वाढला. बाहेरगावच्यांची मुलाखत आणि ट्रेड टेस्ट आता एकाच दिवशी होते. ड्रॉइंग वाचणं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने माप घेणं, ऑफसेट बदलणं एवढंच तपासायचं असतं, त्यासाठी दुसऱ्यांदा एसटीचं भाडं खर्च करायला लावणं योग्य नव्हतं.

ऑफरनंतर गळालेल्या 11 जणांचं मात्र नुसत्या आकड्यांवरून काहीच कळलं नाही. कारणाच्या रकान्यात सगळीकडे "इंटरेस्टेड नाही" असं लिहिलेलं. मी त्यांना एकेकाला फोन केला. काहींनी उचलला नाही. जे बोलले त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली: फोनवर त्यांना महिन्याचा एकूण पगार सांगितला होता, आणि ऑफर लेटर बघितल्यावर हातात पडणारी रक्कम कमी निघाली. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर 12 टक्के पीएफ, ईएसआयचे पाऊण टक्का, वर व्यवसाय कर, कँटीन आणि बस. लातूरच्या एका मुलाने मला हिशेबच मांडून दाखवला, "मॅडम, रूमचं भाडं आणि मेस गेली की घरी पाठवायला काही उरत नाही." त्याला पीएफ हे आपलेच पैसे आहेत हे माहीत होतं. पण महिन्याच्या पाच तारखेला घरमालकाला ते चालत नाहीत.

तेव्हापासून पहिल्याच फोनवर हातात किती येतील ते सांगायचं ठरलं आहे. याचा रिपोर्टवर अपेक्षेप्रमाणे परिणाम झाला: फोनच्या टप्प्यावर स्वतः थांबणारे वाढले. पहिल्या सोमवारी साहेबांनी त्यावर बोट ठेवलं, तेव्हा मी त्यांना त्याच तुकडीचे ऑफरचे आकडे पूर्ण येईपर्यंत थांबायची विनंती केली. पगार न पटलेला मुलगा फोनवर थांबला तर कारखान्याचा एक फोन जातो. तोच ऑफरनंतर थांबला तर मुलाखत, टेस्ट, मेडिकलचा खर्च आणि मशीनवरची रिकामी जागा, एवढं सगळं जातं.

कारणांच्या रकान्यात आता निवडायला सहाच पर्याय आहेत: हातात येणारा पगार, राहण्याची सोय, रात्रपाळी, दुसरीकडे जॉइन, कागदपत्रं, आणि फोन लागला नाही. शेवटचा पर्याय निदान तीन वेगवेगळ्या वेळी फोन करून झाल्याशिवाय निवडायचा नाही, कारण पाळीत काम करणारा मुलगा दुपारी झोपलेला असतो आणि रात्री आठला उचलतो. कागदपत्रांत बहुतेक वेळा आधारवरचं आणि पीएफच्या यूएएनवरचं नाव जुळत नाही, कधी वडिलांचं नाव गाळलेलं, कधी स्पेलिंग वेगळं. ते आम्ही आता ऑफर द्यायच्या आधी, मुलाखतीच्या दिवशीच तपासून घेतो.