उभे राहिल्यावरचा रक्तदाब

तासगाव तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते आणि त्या दिवशी परिसरातील गर्भवतींची सकाळपासूनच गर्दी होते. एप्रिलमधल्या अशाच एका दिवशी, साडेअकराच्या सुमारास, बाहेरच्या पत्र्याच्या शेडमधून भांडे पडल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ आरडाओरडा ऐकू आला. मी पोहोचले तेव्हा पहिलटकरीण असलेली २२ आठवड्यांची एक गर्भवती जमिनीवर होती. दोघी जणी तिला काखेत धरून खुर्चीत बसवू पाहत होत्या, तिसरीने तिच्या नाकाशी फोडलेला कांदा धरला होता आणि सासूबाई बाटलीतले पाणी तिच्या तोंडात ओतण्याच्या बेतात होत्या.

यातील पाणी मी आधी थांबवले, कारण शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. कांद्याने विशेष काही बिघडत नाही. खुर्चीत बसवण्याने मात्र बिघडते. चक्कर येऊन माणूस पडतो तो मेंदूकडे रक्त कमी पोहोचते म्हणून, आणि पडल्यामुळे डोके हृदयाच्या पातळीवर आले की तो पुरवठा आपोआप सुरळीत होतो. लगेच बसते केले, तर ते डोके आपण पुन्हा वर नेतो. आम्ही तिला तिथेच डाव्या कुशीवर निजवले आणि पायांखाली गुंडाळलेली चादर दिली. मिनिटभरात तिने डोळे उघडले आणि आपण कुठे आहोत हे नीट सांगितले. झटके आले नव्हते, जीभ चावली गेली नव्हती, पोटात दुखत नव्हते, रक्तस्राव नव्हता, छातीत धडधड किंवा दम नव्हता. बाळाचे ठोके मिनिटाला १४६ होते आणि बोटातून तपासलेली साखर ७८ होती.

तिच्या कार्डावर त्याच सकाळी नोंदवलेला रक्तदाब होता ११०/७०. सिस्टरांनी तो बरोबरच मोजला होता, पण बसवून. सासूबाईंचे निदान एव्हाना झालेले होते: "रक्त कमी हाय तिला. एक सलाईन लावा की, डाक्टर." हिमोग्लोबिन १०.२ होते, म्हणजे थोडे कमी खरेच. पण एवढ्याशा कमतरतेने कोणी असे कोसळत नाही, आणि ती नोंद पुरेशी मानून मी गोळ्या वाढवून दिल्या असत्या, तर खरे कारण तसेच राहिले असते.

अर्धा तास निजून राहिल्यानंतर, डाव्या कुशीवरच असताना तिचा रक्तदाब १०६/६६ आणि नाडी ८४ होती. मग सिस्टरांना तिच्या शेजारी आणि खाट तिच्या मागे ठेवून तिला उभे केले. एका मिनिटाने रक्तदाब ८४/५६ भरला, नाडी ११२ वर गेली आणि ती म्हणाली, "परत गरगरतंय." तिसऱ्या मिनिटाची वाट न पाहता आम्ही तिला निजवले. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याला उभे राहण्याने होणारी रक्तदाबाची घसरण म्हणतात. तिच्या बाबतीत वरचा आकडा २२ ने उतरला होता. नाडी वाढली ही त्यातली चांगली खूण, कारण शरीर घसरण भरून काढण्याचा प्रयत्न करत होते, फक्त रक्तवाहिन्यांत भरायला पाणी कमी पडत होते.

गरोदरपणात हे सोपे का होते, ते मी तिला आणि सासूबाईंना समजावून सांगितले. गर्भारपणातील संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांपासून रक्तदाब उतरू लागतो, साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात तो सर्वांत खाली असतो आणि दिवस भरत येतील तसा पूर्वपदावर येतो. कोणीही उभे राहिले की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोट आणि पायांकडे उतरते. एरवी वाहिन्या आवळून ते वर ढकलले जाते, पण सैलावलेल्या वाहिन्यांना ते पटकन जमत नाही.

बाकीचे कारण तिच्या सकाळीत होते. साखरेची तपासणी आहे म्हणून ती उपाशी आली होती. वास्तविक आमच्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी जी तपासणी करतात, तिला उपाशी येण्याची गरज नसते, आणि हे आधी सांगायचे राहून जाणे ही आमची चूक होती. एसटीत लघवीला जाता येणार नाही म्हणून तिने पाणीही टाळले होते. सकाळपासून पोटात गेला होता तो फक्त अर्धा कप चहा. त्यावर तापलेल्या पत्र्याखाली रांगेत एका जागी तासभर उभे राहणे. मी खोदून विचारले, तेव्हा कळले की आदल्या आठवड्यात बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायला उभी असताना आणि दोनदा कढत पाण्याने अंघोळ करून मोरीतून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

सलाईनची गरज नव्हती, कारण तिला उलट्या होत नव्हत्या आणि ती स्वतः पिऊ शकत होती. ओआरएसचे अर्धा लिटर पाणी घोट घोट आणि आशाताईंच्या डब्यातली भाकरी, एवढ्यावर दोन तासांनी निजून १०८/६८ आणि उभे राहून ९८/६४ असा रक्तदाब भरला. सासूबाईंना हे औषध फार स्वस्त वाटले असावे.

जाताना तिला थोडक्याच गोष्टी सांगितल्या. अंथरुणातून उठण्याआधी पावले दहा-पंधरा वेळा वर-खाली हलवायची, मग कुशीवर वळून हातावर भार देत बसायचे, पाय खाली सोडून मिनिटभर थांबायचे आणि मगच भिंतीला धरून उभे राहायचे. उशाशी तांब्या ठेवून उठण्यापूर्वी ग्लासभर पाणी प्यायचे. अंघोळ कोमट पाण्याने, पाटावर किंवा स्टुलावर बसून, आणि कडी न लावता. शेडमध्ये बसून निवडायला मागायचे, आणि उभे राहावेच लागले तर आधार धरून टाचा उचलायच्या किंवा पायावर पाय टाकून मांड्या आवळायच्या, म्हणजे पोटऱ्यांतले रक्त वर ढकलले जाते. अंधारी येतेय असे वाटताच, लाज न बाळगता, आहे तिथे खाली बसायचे किंवा कुशीवर आडवे व्हायचे. उताणे मात्र नाही, कारण पाचव्या महिन्यानंतर गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर पडतो आणि निजल्यानिजल्याही गरगरते. मिठाचे पाणी रोज पिण्याचा सासूबाईंचा बेत मी मोडला. जेवणातले मीठ पुरेसे होते. लोहाच्या गोळ्या मात्र वाढवल्या, पण त्या हिमोग्लोबिनसाठी.

एक अट घातली. बसल्या किंवा निजल्या जागी शुद्ध हरपली, काम करताना एकदम पडली, छातीत धडधड, दम, पोटदुखी, रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी किंवा झटके यांपैकी काही झाले, तर यातला एकही उपाय करत न बसता १०८ ला फोन करायचा. गर्भारपणाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत पोटदुखीसह येणारी चक्कर तर मी कधीच साधी मानत नाही, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असू शकतो आणि आत रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो.

पुढच्या ९ तारखेला ती आली तेव्हा आम्ही रांग काढून बाके मांडली होती आणि क्रमांकाच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. उभ्याने तिचा रक्तदाब १००/६४ होता. तिच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याचे दोन लाडू होते. एक तिने शेजारी बसलेल्या, तिच्यासारख्याच उपाशी आलेल्या बाईला दिला.