बारचा सॉल्व्हर, नोंद ३: मधल्या नोडवर अडकलेले २६६७ न्यूटन

मंडळी, फायनाइट एलिमेंट पद्धतीने बारचं विस्थापन काढणारा माझा पायथन प्रोग्राम चालू आहे. या आठवड्यात दोन एलिमेंटचा, म्हणजे दोन तुकड्यांचा, बार एकदाचा बरोबर सुटला. उत्तर सोपं आहे, पण तिथवर पोचताना जी चूक सापडली ती सविस्तर लिहितोय.

बार असा आहे. डावं टोक भिंतीत पक्कं, तो नोड १. तिथून ५०० मिमी लांबीचा स्टीलचा तुकडा, क्षेत्रफळ ४०० चौ. मिमी. पुढे ३५० मिमी ॲल्युमिनियम, क्षेत्रफळ २०० चौ. मिमी. दोन्ही जुळतात तो नोड २ आणि मोकळं टोक नोड ३. तिथे ८००० न्यूटनची ओढ. स्टीलचा यंग गुणांक E २,००,००० आणि ॲल्युमिनियमचा ७०,००० एमपीए धरला. E गुणिले क्षेत्रफळ भागिले लांबी, म्हणजे EA/L, काढलं की स्टीलचा कडकपणा १,६०,००० आणि ॲल्युमिनियमचा ४०,००० न्यूटन प्रति मिमी येतो.

प्रत्येक एलिमेंटची कडकपणाची २×२ मॅट्रिक्स ३×३ च्या मोठ्या मॅट्रिक्समध्ये आपापल्या नोडच्या जागी बसवायची, मग नोड १ ची ओळ आणि स्तंभ काढून उरलेलं सोडवायचं. मी तेच केलं, आणि स्क्रीनवर `LinAlgError: Singular matrix` आलं.

हा एरर पाहिला की पहिला संशय आधारावर जातो. टोक बांधलंच नसेल तर अख्खा बार सरकायला मोकळा असतो आणि मॅट्रिक्स सुटत नाही. दोन संध्याकाळी मी तेवढंच तपासत बसलो, पण ओळ आणि स्तंभ नीट निघत होते. मग सहज एलिमेंट उलट्या क्रमाने, मोकळ्या टोकाकडून बसवून पाहिले. एरर गेला! नोड २ चं विस्थापन ०.०६६७ मिमी, नोड ३ चं ०.२६६७ मिमी. आकडे अगदी पटण्यासारखे होते आणि धोका तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये वहीवर हाताने केलं. दोन्ही तुकड्यांत बल तेच, ८००० न्यूटन. स्टील ताणलं जाणार ८०००/१,६०,००० म्हणजे ०.०५ मिमी, ॲल्युमिनियम ०.२ मिमी. म्हणजे टोक ०.२५ मिमी सरकायला हवं. घणसोली येईपर्यंत खात्री झाली की प्रोग्राम चुकतोय.

घरी येऊन प्रोग्रामच्या विस्थापनांवरून प्रत्येक तुकड्यातलं बल काढलं. ॲल्युमिनियममध्ये ८०००, बरोबर. स्टीलमध्ये मात्र १०,६६७. नोड २ वर बाहेरून काहीच लावलेलं नाही, तरी तिथे २६६७ न्यूटनची तफावत! चूक त्या सामायिक नोडवरच होती. मी मॅट्रिक्स बसवताना `+=` ऐवजी नुसतं `=` लिहिलं होतं. त्यामुळे नोड २ च्या कर्णावरच्या घरात दोन्ही कडकपणांची बेरीज २,००,००० व्हायला हवी, तिथे शेवटी बसवलेल्या एलिमेंटचाच आकडा उरत होता. सरळ क्रमात तिथे ४०,००० राहिले. स्टीलचा नोड २ वरचा आधार पुसला गेला, ॲल्युमिनियमचा तुकडा अधांतरी झाला, म्हणून सिंग्युलर. उलट्या क्रमात १,६०,००० राहिले, मॅट्रिक्स सुटली आणि चुकीचं उत्तर गुपचूप देऊन गेली.

```
import numpy as np
K = np.zeros((3, 3))
F = np.array([0, 0, 8000.0])
for e, k in enumerate([160000, 40000]):
    K[e:e+2, e:e+2] += k * np.array([[1, -1], [-1, 1]])
print(K.sum(axis=1))
u = np.zeros(3)
u[1:] = np.linalg.solve(K[1:, 1:], F[1:])
```

आता उत्तर ०, ०.०५, ०.२५. भिंतीवरची प्रतिक्रिया `K[0] @ u` ने −८०००, म्हणजे लावलेल्या बलाएवढीच, उलट दिशेने.

`print` ची ओळ मुद्दाम ठेवली आहे. टोक बांधण्याआधी प्रत्येक ओळीची बेरीज शून्य आली पाहिजे, कारण सगळे नोड सारखेच सरकले तर कुठेही बल निर्माण होत नाही. माझ्या चुकीच्या मॅट्रिक्समध्ये दुसऱ्या ओळीची बेरीज सरळ क्रमात −१,६०,००० आणि उलट्या क्रमात −४०,००० येत होती. सममिती तपासून हे कळलं नसतं, चुकीची मॅट्रिक्सही सममितच होती. मात्र E चुकीच्या एककात घातला तर ही बेरीज शून्यच राहते. ती चूक पकडायला हातचं गणितच लागतं.

आणखी एक. टोक बांधायचं राहिलं तर दर वेळी एरर येईलच असं नाही. इथले आकडे नेटके आहेत म्हणून शून्य अचूक येतं. दशांशात थोडी त्रुटी उरली की सॉल्व्हर मुकाट्याने अफाट मोठी विस्थापनं देऊ शकतो.

काल नोड २ वरही ४००० न्यूटन लावून पाहिले. हाताने ०.०७५ आणि ०.२७५ येतात, प्रोग्रामनेही तेच दिले. पुढच्या वेळी तीन एलिमेंट आणि दोन्ही टोकं पक्की.