बार्जचं काम आणि विगोचं पत्र

"तुम्ही स्पॅनिश शिकवता ना? मग इंग्रजी कव्हर लेटर तसंच्या तसं उतरवून द्यायला तुम्हाला आठवडा कशाला लागतो?"

तुम्ही विचारलंत म्हणून गेल्या पावसाळ्यातलं एक पत्र सांगते. मुलगा वास्कोचा, गोवा विद्यापीठाचा मेकॅनिकल बी.ई. झुवारीकाठच्या एका यार्डात बार्ज दुरुस्तीचं काम बघतो. त्याला स्पेनमधल्या विगोच्या एका जहाजबांधणी कंपनीत अर्ज करायचा होता. इंग्रजी पत्र समोर ठेवून, शब्दकोश घेऊन, त्याने स्वतःच स्पॅनिश मसुदा केला होता. व्याकरण बऱ्यापैकी नीट होतं. तरी ते पत्र तसं गेलं असतं, तर पहिल्या परिच्छेदातच त्याचं नुकसान झालं असतं.

'बॅचलर'साठी त्याने 'बाचियेरातो' लिहिलं होतं. दिसायला जुळा शब्द, पण स्पेनमध्ये बाचियेरातो म्हणजे विद्यापीठात जाण्याआधीची शेवटची दोन वर्षं, आपली अकरावी-बारावी. चार वर्षं इंजिनिअरिंग केलेला मुलगा स्वतःच्या हाताने बारावी पास झाला होता. तिथल्या चार वर्षांच्या पदवीला 'ग्रादो' म्हणतात. तोही शब्द मी थेट घातला नाही, कारण ते त्यांच्या अधिकृत पदवीचं नाव आहे. 'मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा पदवीधर, चार वर्षांचं विद्यापीठीय शिक्षण, भारत' असं सरळ लिहिलं.

याच ओळीवर आमचा वाद झाला. यार्डात जहाजांचंच काम करतो म्हणून त्याला 'इंखेनियेरो नावाल', म्हणजे नौका-अभियंता, असं लिहायचं होतं. पण तिथे तो नियमन असलेला व्यवसाय आहे. परदेशी पदवीवर तो करायचा, तर आधी सरकारकडून पदवीची 'ओमोलोगासिओन' म्हणजे अधिकृत मान्यता घ्यावी लागते. ती नसताना कंपनीत तांत्रिक नोकरी करता येते, पण त्या नावाने प्रकल्पावर सही करता येत नाही. म्हणून पदवी मेकॅनिकलची, आणि अनुभव जहाजांचा, असं वेगवेगळं मांडलं.

मायना त्याने 'एक्सेलेंतीसिमोस' असा घातला होता. कुठून आणला विचारलं, तर आजोबांच्या पोर्तुगीज अर्जांच्या जुन्या फाइलीतून. पोर्तुगीजमध्ये कचेरीच्या पत्राला तो चालतो. स्पॅनिशमध्ये ती पदवी बड्या सरकारी पदांसाठी राखलेली. कंपनीला साधं 'एस्तिमादोस सेन्योरेस', आणि त्यापुढे इंग्रजीसारखा स्वल्पविराम नाही, अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबं. ही खूण बारीक आहे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यात पहिली तीच भरते.

मग आदरार्थ. स्पॅनिशमधला 'उस्तेद' हा 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आला, म्हणून त्याचं क्रियापद तृतीय पुरुषी चालतं. आपल्याकडे 'साहेबांनी विचार करावा' म्हणतात, तसं. मराठी माणसाला हे पटकन कळतं. चूक होते ती मधेच. या मुलाने सुरुवात अनेकवचनी 'उस्तेदेस'ने केली होती, आणि तिसऱ्या परिच्छेदात 'तुमची कंपनी' लिहिताना इंग्रजी 'युअर'च्या मागे जाऊन 'तू' धरला, 'तुझी कंपनी'. स्पॅनिशमध्ये 'सू' म्हणजे 'आपली', आणि 'तू' म्हणजे 'तुझी'. मी प्रत्येक पत्रातले हे 'सू' आणि 'तू' पेन्सिलने गोल करते. एक जरी 'तू' सापडला, तर त्या वाक्याचं क्रियापदही पुन्हा तपासते, कारण सहसा दोन्ही एकदमच घसरतात.

'अप्लाय'साठी त्याने 'आप्लिकार' वापरला होता. लॅटिन अमेरिकेत तो ऐकू येतो. स्पेनमध्ये मात्र आप्लिकार म्हटलं की रंगाचा थर देणं, मलम लावणं आठवतं. तिथे 'माझी उमेदवारी सादर करतो' म्हणतात.

या सगळ्याला दोन दिवस गेले. उरलेले पाच दिवस एका वाक्याला. मसुद्यात 'मी मेहनती असून संघात काम करू शकतो' असं होतं. मी विचारलं, तू रोज काय करतोस? तो म्हणाला, "मॅडम, काही विशेष नाही. बार्ज स्लिपवर आली की अल्ट्रासॉनिक गेजने तळाच्या पत्र्याची जाडी मोजायची, झिजलेला भाग खडूने आखायचा, कापून नवीन पत्रा बसवून घ्यायचा." किती बार्ज? त्याने वही आणली. चार वर्षांत चौदा, सर्वांत मोठी पासष्ट मीटरची. मग त्यांचे शब्द शोधले: बार्जला 'गाबार्रा', जहाजाच्या कवचाला 'कास्को', आणि लांबीला 'लोंखितूद' नव्हे तर 'एस्लोरा', कारण यार्डातला माणूस जहाजाची लांबी दुसऱ्या शब्दाने सांगत नाही. ते वाक्य मी पदवीच्याही आधी घातलं, आणि मेहनतीचं वाक्य काढून टाकलं.

शेवटी 'लेस सालूदा आतेंतामेंते', खाली त्याची सही.