तर्री येत नाही? : तीन सेकंदांची नोंदवही, व्हिडिओ सातवा

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की सहा व्हिडिओ झाले आणि सहाही लोकांनी अंगठ्याने वर ढकलून दिले. मिसळीच्या कटाचा सातवा व्हिडिओ चार वेळा कापला, दोनदा नव्याने शूट केला. पाककृती तीच, पातेलं तेच, ओटाही इंदिरानगरमधल्या आमच्या घरचाच. बदलले ते फक्त पहिले तीन सेकंद, ज्यांत बघणारा थांबायचं की वर ढकलायचं ते ठरवतो, त्यामुळे ही नोंद त्यांच्यापुरतीच आहे.

जुनं सुरुवातीचं वाक्य असं होतं : "नमस्कार मंडळी, आज आपण बघणार आहोत नाशिकची झणझणीत मिसळ." स्टॉपवॉच लावून माझ्या नेहमीच्या वेगात म्हटलं तर सव्वाचार सेकंद. त्यातही 'मिसळ' हा शब्द सगळ्यात शेवटी, म्हणजे बघणारा चार सेकंद नमस्कार आणि विशेषणं ऐकतोय आणि कशाचा व्हिडिओ आहे ते त्याला कळेपर्यंत तीन सेकंद कधीच संपलेत. पडद्यावर काय होतं? हात जोडून उभा असलेला मी आणि मागे पांढऱ्या टाइल्स. सातपूरची मावशी बघून म्हणाली, "अरे, मला वाटलं तू लग्नाचं आमंत्रण द्यायला आलास."

मग दुसरं टोक गाठलं. तयार मिसळ, वर शेव, कांदा, लिंबाची फोड, शेजारी पापड आणि तोंडी "बोटं चाटत राहाल!" आमच्याकडे रविवारी सकाळी निम्मं गाव मिसळीच्या रांगेत असतं. भरलेली ताटली दाखवून इथल्या कुणाला थांबवायचं? ताटली दिसली की गोष्ट संपली, पुढे बघण्यासारखं काही उरतच नाही. शेवटी काय झालं हे आधीच कळल्यावर माणूस फक्त सजावटीसाठी थांबत नाही, निदान माझ्या सजावटीसाठी तरी नाही.

तिसऱ्या खेपेला जरा शहाणपण आलं. माझा स्वतःचा कट चार वेळा बिघडला होता : वर लाल तवंग येण्याऐवजी सगळं एकजीव, मातकट, आमटीसारखं. म्हटलं, हेच सांगू. लिहिलं : "मिसळीच्या कटाला तर्री न येण्यामागची तीन कारणं." विषय बरोबर होता, पण वाक्य पुन्हा साडेतीन सेकंदांचं. आणि इथे मला मराठीची एक गोची समजली, ती तुमच्याही कामी येईल. आपल्या वाक्यात नेमकं काय ते शेवटी येतं, क्रियापद तर हमखास शेवटी. लेखात ते छान वाचलं जातं. इथे मात्र 'मिसळीच्या कटाला' एवढं ऐकून बघणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. अडचण पहिल्या दोन शब्दांत यायला हवी असेल तर लांब वाक्य मोडून दोन तुकडे करावे लागतात, आणि पहिला तुकडा स्वयंपाकघरात आपण जसं ओरडतो तसा असावा लागतो.

घरात मी प्रत्यक्षात काय ओरडलो होतो ते आठवलं. "आई, तर्री येत नाहीये!" आणि आई आतल्या खोलीतून : "तेल ओतू नकोस अजून!" बघणाऱ्याला थांबवणारी सुरुवात, म्हणजे हुक, तिथेच तयार पडला होता.

चौथा मजकूर : "तर्री येत नाही? तेल वाढवू नका."

बोलायला दोन सेकंद, मध्ये श्वासापुरती जागा धरून. पहिला तुकडा बघणाऱ्याची अडचण सांगतो. दुसरा तुकडा तो जे करणार असतो तेच करू नको म्हणतो. आईला वाचून दाखवलं तर तिने लगेच विचारलं, "मग काय करू म्हणतोस?" हा प्रश्न तिच्या तोंडून आपोआप आला म्हणूनच मी ते वाक्य ठेवलं. आधीच्या तीन वाक्यांवर ती नुसती "बरं" म्हणाली होती.

'तर्री' हा शब्द ठेवावा की नाही, यावर एक संध्याकाळ गेली. पुण्यात 'सॅम्पल' म्हणतात, कोल्हापूरकडे 'कट' म्हटलं की काम होतं, नागपुरात तर्री-पोह्यांमुळे तर्री घरोघरी माहीत. तवंग म्हटलं तर सगळ्यांना कळेल, पण ओट्याशी उभं राहून कुणी तवंग म्हणत नाही. 'नाशिकची' हा शब्द मात्र जीवावर येऊन काढला. तो पहिल्या तीन सेकंदांत जागा खातो आणि सोलापूरच्या बाईच्या पातेल्यातला प्रश्न काही सोडवत नाही. तो खालच्या मजकुरात गेला.

आता दृश्य. वाक्य सुचलं की दृश्यही सुचलं असं वाटतं, पण तसं होत नाही. पहिल्या टेकमध्ये पातेलं दिसतंय, मग उजवीकडून तेलाची बाटली धरून माझा हात आत येतोय. हात आत यायलाच एक सेकंद गेला. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणजे आपल्याकडे सगळ्या मिळून नव्वद. त्यातल्या तीस नुसत्या पातेल्याच्या. शिवाय मोबाइल उकळत्या कटाच्या थेट वर धरलेला, त्यामुळे काचेवर वाफ धरली आणि सगळं धुक्यात गेलं.

दुसऱ्या वेळी मोबाइल तिरका, पातेल्याच्या कडेला वीतभर लांब ठेवला आणि गॅस बंद करून वाफ ओसरू दिली. प्रकाश खिडकीचा, बाजूने. समोरून ट्यूबलाइट पडली की मातकट कटसुद्धा चकाकतो आणि तर्री असल्यासारखा दिसतो, मग अख्खा हुकच खोटा पडतो. आणि कापताना सुरुवात अशी ठेवली की पहिल्याच फ्रेममध्ये बाटली कललेली आहे, तेलाची धार सुटण्याच्या बेतात आहे, आणि आईचा हिरव्या बांगड्यांचा हात माझं मनगट धरतोय. पडद्यावर चेहरा कुणाचाच नाही. आवाज बंद करून बघितलं तरी कळतं की तेल ओतणाऱ्याला कुणीतरी अडवतंय. ही आवाज बंद करून बघायची चाचणी प्रत्येक हुकला लावतो, कारण बसमध्ये किंवा ऑफिसात बघणाऱ्याचा आवाज बहुधा बंदच असतो.

अक्षरांचं प्रकरण वेगळंच. पूर्ण वाक्य पडद्यावर टाकलं तर डोळे वाचण्यात अडकतात आणि मनगट धरलेलं निसटतं. म्हणून फक्त "तर्री येत नाही?" एवढंच लिहिलं, दुसरा तुकडा आवाजावर सोडला. आधी ते खाली टाकलं होतं, तिथे खात्याचं नाव आणि मजकूर त्याच्यावर चढला. उजव्या कडेला बटणं असतात, तिकडेही जाता येत नाही. वरच्या तिसऱ्या भागात डावीकडे ठेवलं. आणि एक बारीक पण जीवघेणी गोष्ट : मी निवडलेल्या सुंदर फॉन्टमध्ये 'र्री' फुटून 'तर् री' दिसत होतं. अपलोड केल्यावर भाचीने दाखवलं. जोडाक्षर आणि रफार असलेला शब्द हुकमध्ये असेल तर व्हिडिओ बाहेर काढल्यावर तो मोबाइलवर एकदा मोठा करून बघा. संपादन करताना दिसतं तसंच बाहेर येईल याचा भरवसा नाही.

आता यातली सगळ्यात मोठी चूक. उत्साहाच्या भरात एक आवृत्ती अशीही केली होती : "एक थेंबही तेल न वाढवता हॉटेलसारखी तर्री!" लोक थांबले. पण कितव्या सेकंदापर्यंत किती जण बघत राहिले त्या आलेखात आठव्या सेकंदाला कडा कोसळल्यासारखी उतरण होती, कारण आठव्या सेकंदाला मी फोडणीत अर्धी वाटी तेल घालताना दिसतो. 'वाढवू नका' आणि 'नकोच' यात फरक आहे. कटाला तेल लागतंच, ते वर का येत नाही हा प्रश्न आहे. ती आवृत्ती काढून टाकली.

म्हणून हुकच्या लगेच पुढचं वाक्य आता हे आहे : "वाटणातलं पाणी अजून आटलेलं नाही." पाचव्या सेकंदाच्या आत उत्तर तोंडावर, मग बाकीच्या व्हिडिओत दाखवणं. दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून केलेलं वाटण मध्यम आचेवर परतत राहायचं, आमच्या कढईत दहा-बारा मिनिटं जातात, कडेने तेल सुटेपर्यंत. मग आच बारीक करून तिखट, कारण मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो आणि मोठ्या आचेवर जळून काळा पडतो. मग गरम पाणी, उकळी, आणि शेवटी न ढवळता दहा मिनिटं झाकून ठेवायचं. सतत ढवळलं की तेल पुन्हा रश्श्यात मिसळतं. दाटपणासाठी बेसन लावलं तर ते तेल धरून ठेवतं. मी पहिल्या चारही वेळा तेच केलं होतं.

हुक लागला की नाही ते कशावरून ओळखायचं, याबद्दल थोडं. यूट्यूब शॉर्ट्सवर व्ह्यूजचा आकडा बघून खूश होऊ नका. ३१ मार्च २०२५ पासून तिथे व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतात. आधीच्या पद्धतीने मोजलेला आकडा स्टुडिओत `Engaged views` म्हणून वेगळा दिसतो. मी बघतो ते `Stayed to watch`, म्हणजे समोर आल्यावर किती जण थांबले. नमस्कारवाल्या आवृत्तीत शंभरातले छत्तीस थांबले होते, मनगटवालीत अठ्ठावन्न. पण दोन्ही मिळून बघणारे हजारही नाहीत, आणि मी वाक्य आणि दृश्य एकदम बदललं. त्यामुळे श्रेय कुणाचं ते या आकड्यांवरून सांगता येणार नाही. पुढच्या वेळी दृश्य तेच ठेवून फक्त वाक्य बदलेन.

आकड्यांपेक्षा मला भाचीचा अंगठा जास्त सांगून गेला. तिला माझा व्हिडिओ दाखवतोय असं न सांगता, इतर सात-आठ व्हिडिओंच्या मध्ये तो ठेवून मोबाइल तिच्या हातात दिला आणि स्क्रीनऐवजी तिच्या अंगठ्याकडे बघत बसलो. नमस्काराला अंगठा सेकंदभरातच हलला. मनगट धरलेलं दिसलं तेव्हा तो काचेवर टेकलेला तसाच राहिला, आणि ती म्हणाली, "मामा, ही आज्जीची बांगडी आहे ना?"

आठवा व्हिडिओ पिठल्याच्या गुठळ्यांचा. "गुठळ्या झाल्या?" एवढं लिहून झालंय, दुसरा तुकडा अजून सापडलेला नाही. आई म्हणते, पुढच्या रविवारी मुद्दाम गुठळ्या करून दे, मी काय ओरडते ते लिहून घे.